पेमेंट सोडण्यापूर्वी दुबार बिल पकडणे: रकमेतील फरक आणि तारखांतील अंतर किती धरावे?

चाकण_लेखा

आमच्या कारखान्यात दर शुक्रवारी पुरवठादारांचे पेमेंट सुटते. गुरुवारी संध्याकाळी देय बिलांची यादी तयार होते, ती वित्त व्यवस्थापकांकडे जाते आणि मंजुरीनंतर बँकेची फाइल बनते. बिलाची नोंद करताना आमची प्रणाली एवढेच पाहते की त्याच पुरवठादाराच्या खात्यात तोच बिल क्रमांक आधी आला आहे का. क्रमांक एका अक्षराने जरी वेगळा लिहिला गेला, तरी ती मुकाट्याने नोंद होऊ देते.

ही तपासणी अपुरी का आहे, ते एका जुन्या प्रकरणावरून सांगते. डायची दुरुस्ती करणाऱ्या एका भागीदारी संस्थेचे `VT/24-25/0386` हे १२ नोव्हेंबर २०२४ चे बिल ईमेलने आले. मूळ रक्कम १,२५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २२,५०० रुपये, एकूण १,४७,५०० रुपये. दोन टक्के टीडीएसचे २,५०० रुपये वजा करून १,४५,००० रुपये दिले गेले. मात्र हे पैसे पोहोचण्यापूर्वीच पुरवठादाराने देखभाल विभागाला थकबाकीचे पत्र पाठवले होते आणि त्यात हेच बिल "386" अशा क्रमांकाने, टीडीएस वजा केलेल्या १,४५,००० रुपयांना दाखवले होते. विभागप्रमुखांनी त्या पत्रावर सही करून ते लेखा विभागाकडे धाडले आणि पत्राचीच तारीख, म्हणजे २१ नोव्हेंबर, बिलाची तारीख म्हणून नोंदली गेली. मार्चअखेरीस बाकीची पडताळणी झाली तेव्हा एकाच बिलाचे पैसे दोनदा गेल्याचे उघडकीस आले. पुरवठादाराने ते मान्य करून पुढच्या बिलात वळते करून दिले.

आता पेमेंटची यादी मंजुरीला जाण्यापूर्वी एकच पुरवठादार, जवळपास सारखी रक्कम आणि जवळच्या तारखा अशी जोडी शोधणारी तपासणी बसवायची आहे. मी पुढील क्वेरी लिहून पाहिली आहे.

```sql
SELECT a.id, b.id, a.bill_no, b.bill_no, a.gross, b.gross
FROM bills a
JOIN bills b
  ON a.vendor_code = b.vendor_code
 AND a.id > b.id
 AND ABS(a.gross - b.gross) <= 0.01 * a.gross
 AND ABS(a.bill_date - b.bill_date) <= 7
WHERE a.status = 'UNPAID';
```

एक टक्का आणि सात दिवस या मर्यादांत वरील प्रकरण सापडत नाही, कारण तेथे रकमेतील फरक सुमारे १.७ टक्के आणि तारखांतील अंतर नऊ दिवसांचे आहे. मर्यादा तीन टक्के आणि तीस दिवस केली, तर यादी एवढी लांबते की गुरुवारी संध्याकाळी ती कोणी वाचूच शकणार नाही. ज्यांनी अशी तपासणी चालवली आहे, त्यांनी या मर्यादा कशा ठरवल्या?

ताळमेळ

माझ्या मते आपण अवघड मार्ग धरला आहे. जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला मिळते आणि तिच्यात पुरवठादाराने भरलेले प्रत्येक बिल एकदाच असते. आपल्या खरेदीच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहिल्या, की जे बिल आपल्याकडे दोनदा आहे त्याची एक नोंद जोडीदाराविना उरते. आम्ही हा ताळमेळ दर महिन्याला काटेकोरपणे करतो. रकमा आणि तारखांचे अंदाज बांधण्यापेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

जुना_अंकेक्षक

ताळमेळ यांनी सांगितलेला पुरावा भक्कम आहे हे खरे, परंतु तो या प्रश्नाला लागू पडत नाही. नोव्हेंबरचे बिल डिसेंबरच्या १४ तारखेला २बीमध्ये दिसेल आणि तोवर तीन-चार शुक्रवार निघून गेलेले असतील. धागाकर्तीला पैसे सुटण्याआधी अडवायचे आहेत.

त्याहून गंभीर बाब अशी की धागाकर्तीने दिलेले प्रकरण २बीच्या ताळमेळात कधीच दिसले नसते. दुसरी नोंद पत्रावरून झाली आणि पत्रावर कर वेगळा दाखवलेला नव्हता, म्हणून ती करासकट संपूर्ण १,४५,००० रुपयांचा खर्च म्हणून नोंदली गेली असणार. कराचे क्रेडिट घेतलेच नाही, तर ती नोंद ताळमेळाच्या यादीत येणारच नाही. शिवाय ज्या नोंदी जोडीदाराविना उरतात त्यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी "पुरवठादाराने विवरणपत्र भरलेले नाही" असा शेरा मारून पुरवठादाराला स्मरणपत्र धाडले जाते. ही नोंद मुळात आपल्याच वहीतली दुसरी प्रत असेल, हा विचार फार उशिरा सुचतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टक्केवारी वाढवत नेणे हा उपाय नाही. एकाच बिलाच्या दोन नोंदींत रक्कम वेगळी पडते ती काही ठरावीक कारणांनी पडते. एकाने करासकट रक्कम घेतली आणि दुसऱ्याने मूळ रक्कम घेतली, किंवा एकाने टीडीएस वजा केलेली रक्कम घेतली, किंवा पैशांची पूर्णांकात मांडणी करताना एखाद्या रुपयाचा फरक राहिला. म्हणून प्रत्येक बिलाच्या तीन रकमा हाताशी ठेवाव्यात: मूळ, करासकट आणि प्रत्यक्ष देय. नव्या बिलाची करासकट रक्कम जुन्या बिलाच्या या तिन्हींपैकी कोणत्याही एका रकमेशी पाच रुपयांच्या आत जुळते का, हे पाहावे. आपल्या प्रकरणात नव्या नोंदीचे १,४५,००० हे जुन्या नोंदीच्या देय रकमेशी तंतोतंत जुळतात. व्यावसायिक शुल्कावर दहा टक्के टीडीएस असतो, म्हणजे तेवढ्याच मूळ रकमेवर देय रक्कम १,३५,००० होईल आणि करासकट रकमेपासूनचा फरक साडेआठ टक्क्यांच्या आसपास जाईल. तीन टक्क्यांच्या जाळ्यातूनही असे बिल निसटेल. माझ्या पद्धतीत ते निसटत नाही आणि यादीही लांबत नाही.

बँकेच्या फाइलमधील रकमा परस्परांशी ताडून पाहण्याची चूक मात्र करू नये. आपल्या प्रकरणात दुसऱ्या नोंदीवरही दोन टक्के टीडीएस कापला गेला असेल, तर बँकेकडे पहिल्यांदा १,४५,००० आणि दुसऱ्यांदा १,४२,१०० रुपये गेले असतील. त्या दोन आकड्यांकडे पाहून कोणालाही शंका येणार नाही.

चाकण_लेखा

आपण म्हणता तसेच झाले होते. दुसऱ्यांदा १,४२,१०० रुपयेच गेले आणि त्या नोंदीवर कराचे क्रेडिट घेतलेले नव्हते. तीन रकमांचा विचार मला सुचला नव्हता. मूळ रक्कम आणि टीडीएस आमच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यांत आहेतच.

भोसरी_वर्कशॉप

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझे लहानसे यंत्रकामाचे वर्कशॉप आहे आणि एका मोठ्या कंपनीने माझी बिले नेमक्या अशाच तपासणीत अडकवून ठेवली आहेत. आपण सर्व जण बिले अडवण्याचे उपाय शोधत आहात, परंतु अडकलेल्या बिलाची वाट पाहणाऱ्याला कामगारांचा पगार सात तारखेला द्यावा लागतो, याचाही विचार व्हावा. मी एकाच प्रकारच्या शाफ्टचे काम करतो, प्रत्येक लॉट ठरलेल्या संख्येचा असतो आणि दर ठरलेला असतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी माझे बिल त्याच रकमेचे निघते. संगणक प्रत्येक वेळी ते दुबार ठरवतो आणि मला फोन करून तीच ती चलने पुन्हा पाठवायला सांगतात. पुरवठादाराने एकाच रकमेची दोन बिले पाठवू नयेत, असा कुठे नियम आहे का?

सारणीकार

असा नियम नाही आणि धागाकर्तीचा प्रश्नही पुरवठादारावर संशय घेण्याचा नाही. येथे दुबार नोंद कंपनीच्या आतच झाली आहे. मात्र आपला अनुभव या चर्चेत फार उपयोगाचा आहे, कारण रकमेची मर्यादा कितीही घट्ट केली तरी आपल्यासारख्यांची बिले यादीत येतच राहतील.

प्रथम क्वेरीतील एक दोष दाखवतो. `a.id > b.id` ही अट आणि `a.status = 'UNPAID'` ही अट एकत्र आल्यामुळे फक्त नंतर नोंदलेले बिल न दिलेले असेल तेव्हाच जोडी सापडते. प्रत्यक्षात याच्या उलटही घडते. आधी नोंदलेले बिल कुठल्याशा शंकेमुळे पडून राहते, दरम्यान कोणीतरी तेच बिल तातडीचे म्हणून पुन्हा नोंदवून त्याचे पैसे सोडते आणि पुढच्या महिन्यात जुन्या नोंदीची शंका मिटून तिचेही पैसे सुटतात. तेव्हा न दिलेल्या नोंदीचा क्रमांक लहान असतो आणि आपली क्वेरी ती जोडी पाहतच नाही. म्हणून `<>` वापरावे. दोन्ही बिले न दिलेली असतील तर जोडी दोनदा दिसेल, ते चालेल. रद्द केलेल्या नोंदी मात्र वगळाव्यात, कारण चुकीची नोंद रद्द करून बरोबर नोंद केलेल्या प्रत्येक बिलाची जोडी अन्यथा यादीत येईल.

```sql
FROM bills a
JOIN bills b
  ON a.pan = b.pan
 AND a.id <> b.id
 AND b.status <> 'CANCELLED'
 AND ABS(a.bill_date - b.bill_date) <= 30
 AND LEAST(ABS(a.gross - b.gross),
           ABS(a.gross - b.net),  ABS(a.net - b.gross),
           ABS(a.gross - b.base), ABS(a.base - b.gross)) <= 5
WHERE a.status = 'UNPAID'
```

पुरवठादाराच्या कोडऐवजी पॅन घेतला आहे. एकाच पुरवठादाराचे चाकणसाठी एक आणि रांजणगावसाठी दुसरे असे दोन कोड अनेक कंपन्यांत असतात आणि एका कोडवरील बिल दुसऱ्या कोडवर नोंदले गेले तर कोडवर आधारलेली कोणतीही तपासणी ते पाहू शकत नाही. जीएसटी क्रमांकातील तिसऱ्या ते बाराव्या स्थानापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे पॅनच असतो, त्यामुळे तो वेगळा गोळा करावा लागत नाही.

म्हापसा_फार्मा

पॅनच्या वापराबाबत एक सावधगिरी सुचवतो. आमचे कारखाने गोव्यात आणि महाराष्ट्रात आहेत आणि पॅकिंगच्या साहित्याचा आमचा पुरवठादारही दोन्ही राज्यांत नोंदणीकृत आहे. त्याचा पॅन एक असला तरी २७ आणि ३० ने सुरू होणारे दोन जीएसटी क्रमांक आहेत आणि प्रत्येक नोंदणीची बिलांची मालिका स्वतंत्र आहे. त्यामुळे क्रमांक १५२ दोन्हीकडे असू शकतो आणि दोन्ही बिले खरी असतात. आम्ही म्हणून रक्कम पॅनवर ताडतो आणि बिल क्रमांक जीएसटी क्रमांकावर ताडतो.

बिल क्रमांकाचे साफसूफ रूपही ठेवावे. शेवटच्या अंकगटाच्या सुरुवातीची शून्ये आधी काढून, मग तिरक्या रेषा, आडव्या रेषा आणि मोकळ्या जागा काढल्या आणि सर्व अक्षरे मोठी केली, की `VT/24-25/0386` आणि `386` या दोन्हींचा शेवट ३८६ असाच येतो. वर्षाचा भाग सरसकट पुसून टाकू नये. एक एप्रिलला बहुतेकांची मालिका पुन्हा एकपासून सुरू होते आणि वर्ष पुसले तर मार्च-एप्रिलच्या सीमेवर खोट्या जोड्यांचा पूर येतो.

ज्या पुरवठादारांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, म्हणजे ज्यांची उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक आहे, त्यांच्या बिलावर चौसष्ट अक्षरांचा आयआरएन असतो. क्यूआर वाचून तो नोंदवला तर अंदाजाची गरजच राहत नाही. आमच्याकडे मोठ्या पुरवठादारांपुरता प्रश्न अशाने सुटला. डाय दुरुस्तीवाले, वाहतूकदार आणि सफाईचे ठेकेदार यांचा मात्र सुटत नाही.

जुना_अंकेक्षक

म्हापसा_फार्मा यांनी शेवटी जी नावे घेतली तीच खरी जागा आहे. मालाच्या खरेदीत खरेदी आदेश, जीआरएन आणि बिल हे तिन्ही ताडले जातात. जीआरएनमधील नग एकदा बिलाशी जोडले गेले की दुसऱ्या बिलाला नग उरत नाहीत आणि ते आपोआप अडते. सेवांच्या बिलांना असा अडसर नसतो. तेथे विभागप्रमुखाची सही हीच पावती असते आणि सही दोनदा मिळते, कारण सही करणाऱ्यालाही महिन्यापूर्वीचे काम आठवत नाही. म्हणून ही रकमेची तपासणी मालाच्या बिलांवर चालवण्यात वेळ घालवू नये. ज्या बिलाला जीआरएन जोडलेले आहे ते वगळावे. भोसरी_वर्कशॉप यांची बिले त्या कंपनीने अशी वगळली असती, तर त्यांना पुन्हा पुन्हा चलने पाठवावी लागली नसती.

उरलेल्या सेवांमध्ये दोन प्रकार यादी फुगवतात. भाडे, सुरक्षा रक्षक, वार्षिक देखभाल करार यांची रक्कम दरमहा सारखी असते. यांच्यासाठी तारखांतील अंतर उपयोगाचे नाही, कारण तीस दिवसांच्या मर्यादेत मागच्या महिन्याचे बिल बहुतेक वेळा येते. येथे सेवेचा कालावधी नोंदवणे सक्तीचे करावे आणि एकाच कालावधीची दोन बिले असतील तरच जोडी दाखवावी. वाहतुकीत एकाच दिवशी एकाच दराच्या चार फेऱ्या होतात. तेथे एलआर क्रमांक हा वेगळेपणाचा पुरावा आहे. दोन बिलांवर वेगवेगळे एलआर असतील तर ती जोडी सोडावी आणि एखाद्या बिलावर एलआर नोंदलेलाच नसेल तर ती अवश्य दाखवावी. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: एक खरेदीदाराची, एक वाहतूकदाराची आणि एक पुरवठादाराची. वाहतूकदाराच्या प्रतीमागे फाटकावरचा शिक्का असल्यामुळे ती मूळ प्रत समजून तिच्यावरून दुसरी नोंद झालेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. म्हणून जीआरएन न जोडलेले मालाचे बिल दिसले, तर कोणती प्रत हातात आहे, हे आवर्जून पाहावे.

ताळमेळ

२बीबद्दलचा माझा दावा अपुरा होता हे मान्य आहे. तरीही एक भर घालतो. आगाऊ दिलेल्या रकमा `bills` या तक्त्यात नसतात. प्रोफॉर्मा बिलावर २,३६,००० रुपये आगाऊ दिले, दीड महिन्याने कर बिल तेवढ्याच रकमेचे आले आणि आगाऊ रक्कम वळती न करता ते नोंदले गेले, तर वरील क्वेरी काहीच दाखवणार नाही. शिवाय अंतर तीस दिवसांहून अधिक आहे.

सारणीकार

हे अगदी बरोबर आहे. पुरवठादाराच्या खात्यावर वळती न झालेली आगाऊ रक्कम उभी असताना त्याचे कोणतेही बिल पूर्ण रकमेने सुटत असेल, तर त्यासाठी तारखेची अटच लावू नये आणि रक्कमही जुळवू नये. ती स्वतंत्र यादी करावी. तिच्यात फार थोड्या ओळी येतात.

चाकण_लेखा

जीआरएन असलेली बिले वगळून, वाहतुकीला एलआरची अट लावून आणि `UNPAID` ची अट काढून मी जुन्या तिमाहीवर नवी क्वेरी चालवली. यादी एका पानात मावली आणि ३८६ क्रमांकाची जोडी तिच्यात आहे. भाड्याची बिले अजून येतात, कारण सेवेच्या कालावधीचा रकाना आमच्याकडे नाही. तो करून घ्यावा लागेल.

आता पुढची अडचण विचारते. जोडी सापडली की बिल रोखायचे, परंतु रोखलेले बिल मोकळे करायचे कोणी? सध्याच्या रचनेत ज्याने नोंद केली तोच "दुबार नाही" असे लिहून ते मोकळे करू शकतो. दुसरे असे की पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर रोखून धरण्याला मर्यादा आहे.

जुना_अंकेक्षक

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. आपल्या संगणकात बिल रोखून ठेवले म्हणून हे दिवस मोजायचे थांबत नाहीत. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत कळवली तरच स्वीकृतीची तारीख पुढे जाते आणि दुबार बिलाच्या शंकेला अशी हरकत म्हणता येईल का, याबद्दल मला स्वतःला खात्री वाटत नाही, कारण शंका सेवेविषयी नसून आपल्या नोंदीविषयी आहे. म्हणून यादी गुरुवारी संध्याकाळी काढू नये. बिल नोंदल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढावी, म्हणजे चौकशीला दिवस मिळतात. गुरुवारची यादी केवळ अखेरची चाळणी म्हणून राहू द्यावी.

रोखलेले बिल मोकळे करण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. नोंद करणाऱ्याला तो अधिकार नसावा आणि "दुबार नाही" एवढे शब्द पुरेसे मानू नयेत. दोन बिले वेगळी आहेत हे कशावरून ठरले, ते लिहावे लागले पाहिजे: वेगळा एलआर, वेगळा कालावधी, वेगळे काम-चलन. असा क्रमांक लिहिण्यासाठी कागद उघडावा लागतो.

म्हापसा_फार्मा

मी येथे थोडा असहमत आहे. आमच्याकडे बिल मोकळे करण्याचा अधिकार वित्त व्यवस्थापकांना दिला आणि झाले असे की ते सर्व जोड्या शुक्रवारी सकाळी एकगठ्ठा मोकळ्या करू लागले. त्यांना दुरुस्तीचे काम माहीत नसते. ज्या विभागाने काम करून घेतले त्यानेच लिहून द्यावे की ही दोन स्वतंत्र कामे आहेत.

जुना_अंकेक्षक

परंतु धागाकर्तीच्या प्रकरणात थकबाकीच्या पत्रावर सही त्याच विभागाने केली होती. त्यांच्याकडे पुन्हा विचारणा केली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारावे लागेल. नुसता बिल क्रमांक कळवला तर पुन्हा सहीच मिळेल.

भोसरी_वर्कशॉप

पुरवठादाराला विचारणे सर्वांत सोपे आहे, असे मला वाटते. आम्हाला आमच्या बिलांचे क्रमांक पाठ असतात. "३८६ हे बिल ०३८६ पेक्षा वेगळे आहे का", असा एका ओळीचा ईमेल आला, तर मी त्याच दिवशी उत्तर देईन. चलने पाठवा असे मोघम सांगितले जाते, तेव्हा आठवडा जातो.

चाकण_लेखा

हा ईमेल रोखलेल्या प्रत्येक जोडीसाठी आपोआप जाईल अशी सोय आमच्या प्रणालीत करता येईल. त्यात दोन्ही बिलांचे क्रमांक, तारखा आणि रकमा असतील आणि उत्तर येईपर्यंत बिल रोखलेले राहील. मात्र उत्तर आलेच नाही आणि ४५ दिवस भरत आले, तर बिल सोडायचे की रोखायचे, हे व्यवस्थापकांनी अजून ठरवलेले नाही. कोणाकडे यासाठी लेखी धोरण असल्यास कृपया येथे लिहावे.